स्वभावाला औषध

आग विझवायचे लाल सिलिंडर भरून देणाऱ्या आणि तपासणाऱ्या एका कंपनीत एक गृहस्थ कामाला होते. त्यांना सगळे नकोबा म्हणत. आईवडिलांनी ठेवलेलं नाव चांगलं भारदस्त होतं, पण ते आता फक्त पगारपत्रकावर उरलं होतं. सहलीला चला म्हटलं की ‘नको, तुम्ही जा’, चहा घेणार का म्हटलं की ‘नको, आत्ताच झाला’, बढती घ्या म्हटलं तरी ‘नको, माझ्याच्यानं व्हायचं नाही’. असं वीसेक वर्षं ऐकल्यावर लोक दुसरं काय म्हणणार?

कामात मात्र नकोबांचा हात धरणारा कुणी नव्हता. कचेऱ्यांत, शाळांत, गोदामांत जाऊन ते भिंतीवरचा प्रत्येक सिलिंडर खाली उतरवत. काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, पिन जागेवर आहे का, नळीला चीर तर नाही, हे बघून झालं की परत पहिल्यापासून बघत. मग तिथल्या लोकांना एका हॉलमध्ये जमवून आगीबद्दल भाषण देत. त्या भाषणाची ख्याती दूरवर होती. बाकीचे प्रशिक्षक ‘आग लागलीच तर’ अशी सुरुवात करत. नकोबा ‘आग लागल्यावर’ अशी करत. पुढे ते शांत, पडलेल्या आवाजात सांगत, ‘धूर खालून वर जातो. तुम्ही मात्र वरून खाली याल असं नाही.’ एका बँकेतल्या रोखपालानं ते ऐकून त्याच दिवशी घरी जाऊन मृत्युपत्र केलं. मालक त्यांच्यावर बेहद्द खूश होते. ‘लाखात एक चेहरा आहे,’ ते म्हणत. ‘बघितलं की माणूस आपोआप जिना शोधतो.’

कुणाच्या घरी माणूस गेलं की कंपनीतर्फे भेटायला नकोबांनाच धाडत. त्यासाठी त्यांना वेगळा चेहरा करावा लागत नसे. एकदा त्यांनी चुकून बारशाच्या घरी जाऊन सांत्वन केलं होतं, आणि बाळाच्या आजोबांना ते फार समजूतदार वाटले होते.

तर असा माणूस. यात काही दुखणं असेल असं कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. आई म्हणायची, ‘हा कपाळाला आठी घेऊनच जन्मला.’ मामा म्हणायचा, ‘बापाच्या वळणावर गेलाय.’ आणि स्वतः नकोबा म्हणायचे की स्वभावाला औषध नसतं. हे वाक्य त्यांना फार सोयीचं होतं, कारण त्यानंतर कुणी पुढे काही बोलत नसे.

दुखणं आलं ते त्यांच्या धाकट्या बहिणीला. तिला घरात छकू म्हणत, आता तिचे केस पिकायला लागले होते तरी. छकू म्हणजे उलटं टोक. ती हसायला लागली की शेजारची मंडळी काय झालं ते बघायला यायची. आणि एके दिवशी ती हसायची थांबली. महिन्याभरात बाई निम्मी झाली. पहाटेच जाग यायची आणि मग दिवसभर ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. केस विंचरायचे सोडले, जेवण सोडलं. ‘माझ्यामुळे सगळ्यांना त्रास, मी नसले तर बरं,’ असं ती एकदा म्हणाली तेव्हा घरातल्यांची पाचावर धारण बसली. सगळे धावले. मावशी आली, नणंद आली, नवऱ्यानं रजा काढली. ‘ही आपली छकू नाही,’ असं जो तो म्हणत होता. तिला मानसोपचार डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी सांगितलं की हे मोठं नैराश्य आहे, आजार आहे, आणि उपचारानं उतरतो.

नवऱ्याची रजा संपली तशी तिला डॉक्टरांकडे नेण्याआणण्याचं काम नकोबांकडे आलं. ताटकळत बसणं हे काम त्यांना उत्तम जमायचं. शिवाय एक गंमत होती. बाकीचे सगळे छकूला ‘जरा हस गं’, ‘बाहेर फिरून ये’, ‘तुला कमी काय आहे’ असं सांगून सांगून तिचा जीव नकोसा करत. नकोबा तिच्या खाटेशी खुर्ची ओढून नुसते बसत. काही सांगत नसत. तिला बरं वाटायचं ते त्यांच्यासोबतच.

औषधांनी आणि बोलण्याच्या उपचारांनी छकू हळूहळू माणसात आली. काही महिन्यांत भुवया उंचावायला लागली, मग शेजाऱ्यांबद्दल वाईट बोलायला लागली, आणि मग एके दिवशी हसली. घरादाराला हायसं झालं. आता मधूनमधून दाखवायला जायचं एवढंच उरलं होतं.

अशाच एका खेपेला तो घोटाळा झाला.

नेहमीचे डॉक्टर रजेवर होते आणि त्यांच्या जागी एक बदली डॉक्टरबाई आल्या होत्या. दवाखान्यातला कॉम्प्युटर सकाळपासून बंद पडला होता. स्वागताला बसणाऱ्या मुलीनं बाईंना एवढंच सांगितलं, ‘जुना पेशंट आहे, नैराश्याचा. भाऊ-बहीण आलेत.’ आत दोन खुर्च्या होत्या. एक टेबलासमोर, एक पंख्याखाली. छकूला उकडत होतं म्हणून ती पंख्याखाली जाऊन बसली आणि पदरानं वारा घेत भिंतीवरचं चित्र बघायला लागली. नकोबा उरलेल्या खुर्चीत बसले. डॉक्टरबाई हात धुऊन आल्या, दोघांकडे एकदा बघितलं, आणि नकोबांना म्हणाल्या, “हं, मग कसं वाटतंय आता?”

यात बाईंचा दोष नव्हता. शंभरातल्या शंभर डॉक्टरांनी त्याच खुर्चीकडे बघितलं असतं.

नकोबांचा नियम असा की शिकलेल्या माणसाला मध्येच तोडायचं नाही. शिवाय कुणी विचारलं तर उत्तर द्यावं. ते म्हणाले, “नेहमीसारखंच.”

छकूनं मान वळवली. काय चाललंय ते तिच्या लगेच ध्यानात आलं. तिनं पदर तोंडाशी धरला आणि गप्प बसली.

“झोप लागते?”

“लागते. पण उठल्यावर वाटतं की झोपलोच नव्हतो.”

“भूक?”

“वेळ झाली की जेवतो.”

“थकवा वाटतो?”

“तो असतोच.” हे नकोबांनी अशा सुरात सांगितलं, जसं कुणी विचारावं की तुम्हाला कोपरं आहेत का.

“कामात लक्ष लागतं? निर्णय घेता येतात?”

“काम येतं, ते करतो. पण दोन सदऱ्यांतला एक घ्यायचा म्हटलं तर दुकान बंद व्हायची वेळ येते. मग बायको घेते.”

“स्वतःबद्दल काय वाटतं?”

“विशेष काही वाटावं असं नाहीच.”

छकूचे खांदे हलत होते. बाईंना वाटलं की बहीण रडतेय. त्यांनी आवाज आणखी मऊ केला. “जगू नये असं येतं मनात?”

“तसं नाही.” नकोबांनी थोडा विचार केला. “मरावं असं नाही वाटत. जगणं म्हणजे एक काम हाती घेतलंय आणि ते उरकायचंय, असं वाटतं.”

“आणि हे सुरू व्हायच्या आधी कसे होता तुम्ही?”

“कशाच्या आधी?”

“या सगळ्याच्या.”

“हे सुरू झालेलं नाही, बाई,” नकोबा म्हणाले. “हे आहे.”

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. “बरं, मला एवढं सांगा. गेल्या काही वर्षांत सलग दोन महिने तरी असे गेले का, की तुम्हाला बरं वाटत होतं?”

नकोबांनी प्रामाणिकपणे आठवून बघितलं. सिलिंडर तपासावेत तशी त्यांनी वर्षं एकेक करून खाली उतरवली. लग्नाचं वर्ष बघितलं, मुलगी झाली ते बघितलं, शाळेतलं शेवटचं वर्ष बघितलं. “पाय मोडला होता तेव्हा दवाखान्यात चार दिवस बरं वाटलं होतं,” ते शेवटी म्हणाले. “तिथं कुणी कशाची अपेक्षा करत नव्हतं.”

इथं छकूचं हसणं थांबलं.

डॉक्टरबाई गंभीर झाल्या. “म्हणजे गोळ्यांचा काहीच उपयोग झालेला दिसत नाही. सध्या कुठली घेताय?”

“मी कुठलीच घेत नाही. पेशंट ती आहे.”

बाईंनी पंख्याखाली बघितलं. तिथं एक लालबुंद, टवटवीत बाई डोळे पुसत होती. डॉक्टरबाई कानापर्यंत लाल झाल्या, उठून उभ्या राहिल्या, दोघांची माफी मागितली, नाव न विचारता सुरुवात करायला नको होती म्हणाल्या. मग छकूला टेबलासमोर बोलावून तिची नीट विचारपूस केली. तिचं सगळं ठीक होतं. ते झाल्यावर बाई परत नकोबांकडे वळल्या. “माणूस चुकला माझा. पण तुमची उत्तरं काही चुकीची नव्हती. परवानगी असेल तर बोलू का?”

“आमच्या दादाचा स्वभावच आहे तो,” छकू सवयीनं म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिचाच आवाज खाली आला.

“तुमच्याकडे पूर आला होता,” बाई तिला म्हणाल्या. “पूर आला की गाव धावतं. काल जमीन कोरडी होती हे सगळ्यांना आठवत असतं. काही घरांत मात्र भिंतीत ओल असते. कुणी धावत नाही. लोक त्या डागावर कॅलेंडर लावतात आणि म्हणतात, आमची भिंत अशीच आहे.” मग नकोबांना म्हणाल्या, “दोन वर्षं किंवा जास्त, बहुतेक दिवस, दिवसाचा बराच वेळ मन खाली असतं. सोबत थकवा, झोपेच्या तक्रारी, आपण कुणाच्या उपयोगाचे नाही असं वाटणं, पुढे काही चांगलं होईल ही आशा नसणं. आणि मध्ये दोन महिन्यांचीसुद्धा धड सुटका नाही. याला दीर्घकाळचं नैराश्य म्हणतात. जोर तुमच्या बहिणीच्या आजाराइतका नसतो, म्हणून माणूस कामावर जातो, संसार करतो, आणि कुणाला कळत नाही. लहान वयात सुरू झालं तर त्याला स्वतःलाही कळत नाही, कारण ताडून बघायला आधीचा काळच नसतो. म्हणून सौम्य समजून सोडून देऊ नये. कधी कधी या ओलीवर पूरही येतो.”

नकोबांनी आपलं हुकमी वाक्य काढलं. “स्वभावाला औषध नसतं, बाई.”

“नसतंच,” बाई म्हणाल्या. “तुम्ही कमी बोलता, जपून वागता, एक गोष्ट दोनदा तपासता, त्याला मी हात लावणार नाही, आणि मला लावताही यायचा नाही. पण झोपून उठल्यावर दमलेलं असणं हा कुणाचा स्वभाव नसतो.”

नकोबा घरी आले ते मोठ्या पेचात. आजवर त्यांना वाटायचं की आपण दुःखी नाही, आपण असे आहोत. आता कुणीतरी येऊन सांगत होतं की तुमच्यातला अर्धा माणूस तुम्ही नाहीच. मग तो गेल्यावर मागे काय उरणार? समजा, काहीच नाही उरलं तर? भीती खरी होती. त्यांच्याकडे दाखवायला दुसरं होतं तरी काय?

त्यांनी बायकोला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. “तुम्हाला?” ती म्हणाली. “तुम्हाला कसलं आलंय नैराश्य, तुम्ही तर असेच आहात.” मग थोड्या वेळानं म्हणाली, “गोळ्या खाऊन भलतंच कुणीतरी होऊन बसाल.” आणि घातलेलीच घडी मोडून परत घातली.

मालकांना तर घामच फुटला. त्यांनी नकोबांना खुर्ची दिली, पाणी दिलं. “तब्येत आधी, कंपनी मागाहून,” ते म्हणाले. “हवी तेवढी सुट्टी घ्या. पण चेहरा तेवढा सांभाळा. उद्या तुम्ही हसत हसत आगीचं सांगायला लागलात तर लोक पळतील कसे?”

सगळ्यांचं एकमत झाल्यावर नकोबांनी उपचाराचा विचार सोडून दिला. त्यांना बरंच वाटलं. नको म्हणणं त्यांच्या हातचं होतं.

पण छकू अशी सोडणारी नव्हती. ती एका दुपारी आली आणि चहा न घेता बोलायलाच बसली. “दादा, मी पडून होते तेव्हा सगळे मला चांगलं काय काय आहे ते दाखवत होते. तू एकटा नुसता बसायचास. तुला माझा कंटाळा नाही आला, भीती नाही वाटली. मी तेव्हा म्हणायचे, दादा किती चांगला. आता मला कळतंय. तुला तिथली वाट पाठ होती.”

नकोबा पेपराची घडी घालायला लागले.

“मी तिथं काही महिने होते आणि मला ते सोसलं नाही. तू तिथं राहतोयस. जा ना रे एकदा. माझ्यासाठी जा.”

स्वतःसाठी जाणं नकोबांना जमलं नसतं. बहिणीसाठी ते गेले.

नेहमीचे डॉक्टर परत आले होते. त्यांनी सगळं पुन्हा पहिल्यापासून विचारलं आणि आधी रक्त तपासायला सांगितलं, कारण थायरॉइड बिघडली तरी असं होऊ शकतं. नकोबांनी मनोमन थायरॉइडचा धावा केला. ते दुखणं कसं सभ्य, चारचौघांत सांगण्यासारखं. पण थायरॉइड ठणठणीत निघाली. मग गोळी सुरू झाली, आणि आठवड्यातून एकदा समुपदेशक बाईंशी बोलणं. गुण यायला चार-सहा आठवडे लागतील, कदाचित जास्त, सुरुवातीला मळमळेल, आणि बरं वाटलं म्हणून मनानं बंद करायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. मळमळ वेळेवर आली. गुण काही येईना. ‘मी म्हटलंच होतं,’ नकोबा बायकोला म्हणाले, आणि त्यात त्यांना थोडं समाधानही वाटलं. डॉक्टरांनी गोळीची मात्रा वाढवली. समुपदेशक बाईंनी त्यांना गृहपाठ दिला: आठवड्यातून एका आमंत्रणाला हो म्हणायचं. नकोबा एका सहकाऱ्याच्या घरी कॅरम खेळायला गेले. ते आलेले बघून सहकाऱ्याच्या म्हाताऱ्या वडिलांनी घाबरून विचारलं, “कोण गेलं?”

फरक पडला तो गाजावाजा न करता. नकोबांची एक सवय होती. सकाळी एक बूट घातला की ते थोडा वेळ बसून राहत, मग दुसरा घालत. त्यांना वाटायचं की सगळेच असं करतात. एके सकाळी ते जिन्यावर पोचले तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की दोन्ही बूट पायांत आहेत आणि आपण मध्ये बसलो नव्हतो. ते परत वर जाऊन खुर्चीकडे बघून आले.

पुढे एका कारखान्यात नकोबा भाषण देत असताना तिथल्या मुख्य व्यवस्थापकांनी स्वतः सिलिंडर चालवून दाखवायची हौस केली. नळी उलटी धरली, पिन ओढली आणि दांडा दाबला. साहेब पायापासून टाळूपर्यंत पावडरीनं पांढरे झाले. हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू यावी इतकी शांतता. आणि त्या शांततेत कुणीतरी हसलं. कोण हसलं म्हणून सगळे बघायला लागले, त्यांत नकोबाही होते. हसणारे ते स्वतःच होते.

मालकांनी धास्ती घेतली होती, पण काही बिघडलं नाही. भाषण तेच होतं, ‘आग लागल्यावर’ही तसंच होतं, सिलिंडर अजून दोनदाच तपासले जात. फक्त आता लोक भाषणानंतर जवळ येऊन शंका विचारायला लागले. पूर्वी ते थेट घरी जात.

नकोबांनी डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला. “सकाळी उठल्यावर अंगात जोर असतो, जेवणाला चव लागते, कुणी हाक मारली तर बरं वाटतं. हे बाकीच्या लोकांना रोजच असतं?”

“रोज नाही,” डॉक्टर म्हणाले, “पण बहुतेक दिवस असतं.”

“आणि ते कुणाला सांगत नाहीत?”

डॉक्टरांनी तो प्रश्न केसपेपरवर लिहून घेतला.

त्याच आठवड्यात एका दुपारी नकोबा घरी जेवायला बसले होते. समोर वांग्याची भाजी होती. ते म्हणाले, “भाजी छान झालीय.”

बायको हातातली पळी घेऊन तशीच उभी राहिली. “काय झालं?” तिनं विचारलं. “नोकरी गेली का?”

“नाही गं. भाजी छान झालीय.”

ती समोर बसली. मग म्हणाली, “मी किती वेळा मसाला बदलला ठाऊक आहे? शेजारणीकडून शिकून आले. तुमच्या आईंच्या हातचा विचारून घेतला. तुमच्या तोंडावरची रेष हलली नाही. मी म्हटलं, माझ्या हातचं यांना रुचत नाही. मग वाटलं, घर आवडत नाही. मग वाटलं, मीच आवडत नाही.”

“असं नव्हतं.”

“मला कसं कळावं?”

“विचारायचं होतंस.”

“विचारलं होतं,” ती म्हणाली. “लग्नाच्या पहिल्याच वर्षी. तुम्ही म्हणालात, माझा स्वभावच असा आहे. मग मी विचारायचं सोडलं.”

नकोबांचा घास हातातच राहिला. त्यांना आठवेना की तिनं कधी विचारलं होतं. पण ती खोटं बोलणारी नव्हती. त्यांच्या डोळ्यांसमोर एक नवी सून आली, स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून नवऱ्याच्या तोंडाकडे बघणारी, आणि तिथून पुढची सगळी वर्षं. आणि ते रडायला लागले. अगदी मोठ्यानं, खरकट्या हातानं, लहान मुलासारखे. इतक्या वर्षांच्या संसारात तिनं त्यांना रडताना कधी बघितलं नव्हतं. उदास माणूस रडत असेल असं लोकांना वाटतं, पण नकोबा रडत नसत. तेवढंही त्यांच्यात नसे.

बायको घाबरून उठली. “परत झालं का? डॉक्टरांना फोन लावू?”

नकोबांनी मान हलवली. जरा दम धरून म्हणाले, “नको. हे ते नाही. ते कशाचं आहे ते कधी कळायचं नाही. हे तुझ्यामुळे आहे.”

“माझ्यामुळे?”

“तुझ्यासाठी,” ते म्हणाले. “मला तू आवडायचीस. मला ते पोचायचं नाही, म्हणून तुलाही पोचलं नाही.”

तिनं हातातली पळी खाली ठेवली. मग पदरानं आधी त्यांचे डोळे पुसले आणि मग स्वतःचे. भाजी थंड होऊन गेली होती. तिनं गरम करून आणते म्हटलं, तर ते राहू दे म्हणाले आणि तशीच आणखी वाढून घेतली.